ओलं कोकरू आणि उपाशी कोकरू

प्रश्न: मी एक लघुकथा लिहितोय. आटपाडीकडचं धनगर कुटुंब, डिसेंबरातली रात्र, थंडी, पाऊस आणि त्याच रात्री मेंढ्या वितात. माझ्या मसुद्यात लांडगा येतो आणि म्हातारा त्याला हाकलतो. पण ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांना हे पटेल का? अशा रात्री नक्की काय घडतं, कोण काय करतं?

उत्तर:

लांडगा यायला हरकत नाही. माण, आटपाडी, जतच्या माळांवर तो अजून आहे आणि कोवळं कोकरू त्याला सोपं सापडतं. पण पावसाळी थंड रात्री कोकरं मरतात ती गारठून आणि उपाशी राहून. वाड्यावरचं, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावरचं, प्रत्येक जाणतं माणूस रात्रभर याच दोन गोष्टींमागे धावत असतं. गारठा आणि भूक बाहेरून जवळजवळ सारखीच दिसतात, पण त्यांच्यावरचे उपाय उलट क्रमाने करावे लागतात. एका कोकराला आधी ऊब द्यायची आणि मग चीक पाजायचा. दुसऱ्याला आधी पाजायचं आणि मग ऊब द्यायची. क्रम चुकला की वाचणारं कोकरू हातात मरतं. तुमच्या कथेचा ताण मला तिथे दिसतो, म्हणून उत्तराचा बराचसा भाग त्यावरच खर्च करतो.

त्याआधी जागा आणि काळ. दिवाळीनंतर आटपाडी, माण, खटावकडचे बरेच वाडे घर सोडून कृष्णाकाठी उतरतात. कराड, वाळवा, पलूस या बाजूला पिकं निघालेली रानं मिळतात आणि शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतो. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून काही घरं गावाकडेच राहतात, त्यामुळे तुमचं कुटुंब नेमकं कुठे आहे हे तुम्ही ठरवायचं. मी कृष्णाकाठ निवडेन, कारण तिथली काळी रानं पावसात माणसाची परीक्षा घेतात. वेळ मात्र बरोबर आहे. मेंढीचे दिवस साधारण १४७ ते १५० असतात. जून-जुलैत पहिल्या पावसाच्या चाऱ्यावर माजावर आलेल्या मेंढ्या नोव्हेंबर-डिसेंबरात वितात आणि एकदम वितात. एका रात्रीत सात-आठ मेंढ्या व्यायल्या तर कोणाला नवल वाटणार नाही.

डिसेंबरातला अवकाळी पाऊस जुलैच्या पावसापेक्षा जास्त मारतो. थंडी आणि ओल एकत्र येते, त्यात वारा असतो. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला असाच पाऊस आणि गार वारा एकत्र आला तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात हजारो शेळ्यामेंढ्या दगावल्या, त्यात मोठी जनावरंही होती. मेंढ्या नुकत्याच कातरलेल्या असतील तर संकट दुप्पट. तुमच्या कथेत आठ दिवसांपूर्वी लोकर कातरलेली दाखवलीत, तर जाणकार वाचक पहिला थेंब पडतानाच सावध होईल.

संध्याकाळचा निर्णय कथेत घ्याच. रान काळं असेल तर तासाभराच्या पावसात चिखल होतो, वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, मेखा उपटून येतात आणि बसलेल्या मेंढीच्या पोटाखाली पाणी साचतं. म्हातारा आभाळ बघून म्हणणार की मेंढरं मुरमाड रानात नाहीतर उंच बांधाच्या आडोशाला हलवा. पण शेतकऱ्याशी बोली झालेली असते की तीन रात्री मेंढरं याच तुकड्यात बसतील. शेजारच्या मुरमाड रानाचा मालक वेगळा. परवानगी मागायला वेळ नाही आणि न विचारता बसवलं तर सकाळी भांडण. वाड्यावर हा पेच खराच पडतो, आणि त्याला लांडग्याची गरज लागत नाही.

दुसरी काळजी चेंगराचेंगरीची. पाऊस झोडपायला लागला की मेंढ्या वाऱ्याकडे पाठ करून वाघरीच्या एका कोपऱ्यात दाटतात, एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालतात आणि नुकतं झालेलं कोकरू पायांखाली जातं. म्हणून आज-उद्या विणाऱ्या मेंढ्या दिवस मावळायच्या आतच वेगळ्या काढतात. त्या ओळखू कशा येतात? कास तटतटलेली असते, शेपटीखालचा भाग सैल आणि लालसर झालेला असतो आणि कुशीला दोन्ही बाजूंनी खड्डा पडलेला असतो. मेंढी कळपापासून बाजूला होते, खुराने जमीन उकरते, बसते, उठते, पुन्हा बसते. हे काम बहुधा घरातल्या बायका करतात, कारण कोकरांचं सगळं त्यांच्याच हाती असतं. कोणती मेंढी कितव्या वेताची आणि गेल्या वेळी कोणत्या मेंढीने पिल्लू घेतलं नव्हतं, हे सासूला तोंडपाठ असतं.

आता प्रत्यक्ष विणं. लिहिणारे इथे एक चूक हमखास करतात. प्रत्येक मेंढी अडते आणि कोणीतरी कोपरापर्यंत हात घालून कोकरू ओढून काढतं. खरं तर बहुतेक मेंढ्या आपल्या आपण वितात. पाण्याची पिशवी दिसल्यावर साधारण तासाभरात कोकरू बाहेर येतं. आधी दोन पुढचे खूर, त्यांच्यावर टेकलेलं नाक, मग खांदे, आणि एकदा खांदे सुटले की बाकीचं घसरून येतं. नुसतं डोकं आलं आणि पाय मागे राहिले, किंवा नुसती शेपटी दिसली, तरच हात लावायचा. तुमच्या रात्री सातातली एखादी अडलेली दाखवा, सगळ्या नको.

कोकरू पडलं की आईने चाटायला हवं. चाटण्याने ते कोरडं होतं, श्वास नीट सुरू होतो आणि आईच्या नाकात त्याचा वास बसतो. माणसाने घाई करून कोकरू उचलून शेकोटीकडे नेलं तर कोकरू कोरडं होतं, पण मेंढी त्याला ओळखत नाही आणि नंतर ढुशा देते. म्हणून पुसायचं ते आईच्या नाकासमोरच. पाऊस पडत असला तर डोक्यावर ताडपत्री धरून तिथेच पुसायचं. नाकातोंडातला चिकटा बोटाने काढायचा, कोरड्या गोणपाटाने छाती आणि पाठ जोरात चोळायची, पण शेपटीकडचा भाग तसाच ओला ठेवायचा. त्या ओलीला आईचं नाक लागतं.

नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचं. राख किंवा शेण नको, त्यातून नाळ पिकते. मग सडांच्या तोंडाशी मेणासारखा जो बूच असतो तो दोन धारा काढून मोकळा करायचा आणि कोकराचं तोंड सडाला लावायचं. अशा रात्री दोन तासांच्या आत पोटात चीक गेलाच पाहिजे. डेक्कनी कोकराचं जन्माचं वजन अडीच ते तीन किलो धरा, माडग्याळी थोडं जड असतं. अडीच किलोच्या कोकराला एका वेळी सव्वाशे मिली आणि पहिल्या चोवीस तासांत मिळून अर्धा लिटर चीक लागतो. वरच्या दुधाने ही भरपाई होत नाही. रोगाशी लढायची ताकद चिकातूनच येते आणि ती आतड्यातून रक्तात शिरायचा रस्ता पहिल्या काही तासांत भराभर बंद होत जातो.

आता त्या दोन कोकरांकडे येऊ. रात्रीचे तीन वाजलेत असं धरा.

पहिलं कोकरू पावणेतीनला झालं. आई उठताना ते साचलेल्या पाण्यात घसरलं. सापडलं तेव्हा चिखलाने माखलेलं, मान टाकलेलं, जवळजवळ मेल्यासारखं होतं. दुसरं रात्री आठला झालेलं, जुळ्यातलं मागचं. आई पहिलारू. पहिल्या पिल्लाला चाटत ती चार पावलं पुढे सरकली आणि मागचं पिल्लू तिच्या लक्षातच राहिलं नाही. ते बांधाकडेला अंग आखडून उभं आहे. अंग वाळलेलं, पाठीला कुबड काढलेली, ओरडणं बंद. नवखा माणूस बॅटरीच्या उजेडात दोन्ही बघेल आणि म्हणेल, पहिलं गेल्यात जमा आहे, दुसरं ठीक आहे. जाणती बाई दोघांच्याही तोंडात बोट घालेल. दोन्ही तोंडं गार लागतील. मग ती एकच गोष्ट विचारेल, की हे झालं कधी आणि पोटात काही गेलंय का.

कोकरू जन्मताना मूत्रपिंडांभोवती आणि छातीत तपकिरी रंगाची चरबी घेऊन येतं. ती चरबी म्हणजे त्याचं सरपण, आणि गारठ्यात ती साधारण पाच तास पुरते. पावणेतीनला झालेल्या कोकराजवळ ते सरपण अजून आहे. त्याचा प्रश्न एवढाच की अंगावरचं पाणी वाळताना ऊब खेचून नेतंय आणि जेवढी ऊब तयार होते त्याहून जास्त जातेय. त्याला कोरडं करून ऊब दिली की ते स्वतःच उठायला लागतं. मान सावरली की मग चीक. गार पडलेल्या, मान टाकलेल्या कोकराच्या तोंडात आधीच चीक ओतला तर तो गिळला जात नाही, फुफ्फुसात जातो.

आठला झालेल्या कोकराचं उलट आहे. सात तास झाले, सरपण जळून संपलं, पोट रिकामं आहे आणि रक्तातली साखर तळाला गेली आहे. गारठल्यामुळे त्याचं शरीर मंद चाललंय, म्हणूनच तेवढ्यावर ते टिकून आहे. त्याला तसंच शेकोटीजवळ ठेवलं की अंग गरम होतं, मेंदू आणि काळीज जागं होऊन साखर मागायला लागतं आणि साखर तर नाहीच. पंधरा-वीस मिनिटं सगळ्यांना वाटतं की सुधारतंय. मग ते डोकं मागे टाकतं, पाय ताणतं, झटके देतं आणि जातं. लोक म्हणतात थंडी बाधली. खरं तर ते उबेत आल्यामुळे गेलेलं असतं.

म्हणून या दुसऱ्याला आधी पाजायचं, पण त्याआधी एक खात्री करायची. ते मान धरतंय का आणि तोंडातलं बोट चोखतंय का? धरत असेल तर कोमट चीक निपलच्या बाटलीने थोडा थोडा द्यायचा, मान आडवी ठेवून. मान मागे ओढून ओतायचं नाही. सव्वाशे मिली एका दमात गेला नाही तरी चालतो, जेवढा गिळेल तेवढा जाऊ द्यायचा. तो पोटात गेल्यावर मग ऊब. मान धरत नसेल तर तोंडाने काहीच द्यायचं नाही. तिथे डॉक्टर पोटाच्या पोकळीत कोमट २० टक्के ग्लुकोज टोचतात, किलोला १० मिली, म्हणजे अडीच किलोला २५ मिली, आणि त्यानंतर ऊब देतात. हे काम शिकलेल्या हाताचं आहे. रात्री तीनला भर रानात तो हात नसेल तर ते कोकरू बहुधा जातं, आणि तुमच्या कथेत ते गेलं तर मला ते खोटं वाटणार नाही.

हा प्रसंग कथेत कसा दिसेल याचा छोटा नमुना देतो. सून सासूला 'आत्या' म्हणते, कारण आपल्याकडे नात्यातली लग्नं आणि नात्यातलीच हाक.

सुनेच्या दोन्ही काखेत दोन कोकरं होती. पालातल्या निखाऱ्यांकडे ती वाकली तशी म्हातारीने हात आडवा घातला.

"थांब. त्ये कवाचं?"

"ह्ये आत्ताच झालंय आत्या. आन् ह्ये त्या बांडीचं, जेवणं झाली तवाचं."

म्हातारीने त्या वाळक्या कोकराच्या पोटावरून हात फिरवला. कुशीत बोटं आत गेली, रिकाम्या पिशवीत जावीत तशी.

"ह्याच्या पोटात थेंब न्हाई. ह्याला इस्तवापाशी न्यायचं न्हाई. आधी चीक आण."

"आन् ह्ये ओलं?"

"त्ये पोरीच्या घोंगड्यात दे. चोळ म्हणावं, थांबू नगंस."

असं लिहिलंत तर म्हातारीला एक शब्दही समजावून सांगावा लागत नाही. वाचकाला नियम कळतो आणि तिचा अधिकारही.

ऊब द्यायची कशी, हेही नेमकं असू द्या. उघड्या जाळाजवळ कोकरू ठेवत नाहीत, एका बाजूने कातडी भाजते आणि दुसरी बाजू गारच राहते. पालात शेकोटी पेटवून ताडपत्री बंद केली तर धुराने माणसंही गुदमरतील. सोपा उपाय म्हणजे डालगं. तळाला वाळलेला पाला किंवा कडबा, त्यावर पोतं. दोन बाटल्यांत गरम पाणी भरून, त्या फडक्यात गुंडाळून कोकराच्या दोन बाजूंना ठेवायच्या, वरून घोंगडं टाकायचं आणि नाक उघडं ठेवायचं. बाटल्या तासाभरात निवतात, त्या बदलाव्या लागतात. लहान मुलीला हे काम द्या. वाड्यावरची पोरं हेच करतात, कोकरू पोटाशी धरून घोंगड्यात बसून राहतात. निरोगी कोकराचं तापमान ३९ ते ४० अंश सेल्सिअस असतं. ३७ च्या खाली गेलं की जिवावरचा प्रसंग. थर्मामीटर सगळ्या वाड्यांवर नसतो, तिथे तोंडात घातलेलं बोटच ते काम करतं. तोंड कोमट लागलं आणि कोकरू उठून बसलं की त्याला डालग्यातून काढायचं, कारण जास्त तापवलेलंही धापा टाकून दमतं.

चीक आणायचा कुठून, हा पुढचा प्रश्न. आईच्याच सडातून पिळता आला तर उत्तम. पहिलारूची कास रिकामी असेल तर त्याच रात्री व्यालेल्या दुसऱ्या मेंढीचा घ्यायचा. बहुतेक वाड्यांवर दुधासाठी चार-दोन शेळ्या असतात, त्यातली एखादी ताजी व्यालेली असेल तर तिचाही चीक चालतो. वाटीने किंवा चमच्याने ओतणं धोक्याचं, ठसका लागला की चीक छातीत उतरतो आणि दोन-तीन दिवसांनी कोकरू खोकत मरतं.

लांडगा ठेवायचाच असेल तर त्याला वार, म्हणजे गर्भाचं वेष्टण, पडण्याशी जोडा. व्याल्यावर साधारण दोन-तीन तासांत वार पडते आणि तिचा वास कुत्री, कोल्हे, लांडगे यांना लांबून लागतो. माणसं कोकरांत गुंतलेली असतात, कोणीतरी वार पुरायची विसरतं. उसाच्या पट्ट्यात, कराड-शिराळ्याकडे, लांडग्याऐवजी बिबट्या जास्त पटेल. कुत्री एकाएकी एकाच दिशेला तोंड करून भुंकायची थांबली, एवढंही पुरेसं आहे. म्हाताऱ्याला काठी घेऊन धावायला लावू नका. तो बॅटरीचा झोत फिरवील, हाळी देईल आणि पुन्हा वाघरीच्या मेखा ठोकायला लागेल, कारण जाळी आडवी झाली तर मेंढरं अंधारात उसात पांगतील.

पहाटेसाठी एक गोष्ट सुचवतो. समजा एका मेंढीचं कोकरू रात्रीत गेलं आणि पहिलारूने टाकलेलं ते मागचं पिल्लू वाचलं. आता एका आईला पिल्लू नाही आणि एका पिल्लाला आई नाही. मेंढी परकं पिल्लू सहज घेत नाही, ती शेपटीखाली हुंगते आणि वास वेगळा लागला की डोक्याने उडवते. म्हणून मेलेल्या कोकराच्या अंगावरचा ओलावा किंवा ताज्या वारेचं पाणी या पिल्लाच्या डोक्याला, पाठीला आणि शेपटीखाली चोळतात. काही मेंढपाळ मेलेल्या कोकराचं कातडं काढून ते जिवंत पिल्लाला अंगरख्यासारखं घालतात आणि दोन-तीन दिवसांनी काढतात. हे व्याल्यानंतर जितकं लवकर कराल तितकं जमतं. अर्धा दिवस उलटला की कठीण.

जमलं की नाही हे कसं कळतं? मेंढी घशातल्या घशात बारीक घुमल्यासारखा आवाज काढते आणि पिल्लाच्या शेपटीला नाक लावून उभी राहते. पिल्लू सड धरून ढुशी देतं आणि दूध उतरायला लागलं की त्याची शेपटी झरझर हलते. शेपटी हलत नसेल आणि ते सड बदलत राहिलं तर दूध येत नाही असं समजून कास पुन्हा तपासायची. दोन तासांनी कोकराला पुढच्या पायांखाली धरून उचलायचं. उचलल्यावर अंग ताणून आळस दिला आणि पोट भरलेलं लागलं तर ते पितंय. पाठीची कुबड तशीच राहिली तर बाटली पुन्हा भरायची.